अडून बसण्याचा धंदा

२३ डिसेंबर २००१. आदोल्फो रॉड्रिगेझ सा यांनी अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्षपद हाती घेतले आणि त्याच दिवशी संसदेत जाहीर केले, की परदेशी कर्जाची फेड बंद. ऐंशी अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे रोखे एका वाक्यात बुडाले. खासदारांनी टाळ्यांचा कडकडाट केला, 'अर्जेंटिना, अर्जेंटिना' असा घोष केला. फुटबॉलचा सामना जिंकल्यावर करतात तसा. रॉड्रिगेझ सा यांचे अध्यक्षपद जेमतेम आठवडाभर टिकले. त्यांनी लावून दिलेले भांडण चौदा वर्षे चालले.

या भांडणाची गोष्ट सांगण्याच्या दोन पद्धती आहेत. डावीकडच्या पद्धतीत अर्जेंटिना हा लुटला गेलेला गरीब असतो आणि न्यूयॉर्कमध्ये एक गिधाड बसलेले असते. उजवीकडच्या पद्धतीत अर्जेंटिना हा सराईत बुडव्या असतो आणि न्यूयॉर्कमध्ये करारपालनाचा एक कट्टर भक्त बसलेला असतो. दोन्ही गोष्टी ऐकायला छान आहेत. मात्र दोन्हींमध्ये रोख्याच्या मागे बारीक अक्षरांत काय छापले होते, ते कोणी वाचत नाही. सगळा पैसा त्या बारीक अक्षरांत होता.

आधी एक साधी अडचण. कंपनी बुडाली तर तिच्यासाठी कायदा असतो. आपल्याकडच्या दिवाळखोरी संहितेत धनकोंच्या समितीने ६६ टक्के मतांनी योजना मान्य केली आणि न्यायाधिकरणाने शिक्का मारला, की उरलेल्या धनकोंनी कितीही नाक मुरडले तरी योजना त्यांनाही लागू होते. देश बुडाला तर असे काहीच नाही. जगात देशांसाठी दिवाळखोरीचे न्यायालय नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारी ॲन क्रूगर यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये, म्हणजे त्या टाळ्यांच्या महिनाभर आधी, असे काहीतरी असावे असा प्रस्ताव मांडला होता. २००३ च्या एप्रिलमध्ये तो बासनात गेला. अमेरिकेच्या अर्थखात्याला नवा कायदा नको होता. त्यांचे म्हणणे असे, की जे काय हवे ते रोख्याच्या करारातच लिहा, बाजार पाहून घेईल. बाजाराने पाहून घेतले, पण ती गोष्ट पुढे.

अर्जेंटिनाचे बुडालेले रोखे मात्र जुने होते. १९९४ च्या एका करारनाम्याखाली, न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार काढलेले. मुद्दल, व्याज किंवा तारीख बदलायची तर प्रत्येक रोखेधारकाची संमती हवी, अशी न्यूयॉर्कची रीत होती. प्रत्येक म्हणजे अक्षरशः प्रत्येक.

पुण्या-मुंबईत जुन्या इमारतीचा पुनर्विकास ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचे समजवायला नको. सगळे सभासद चाव्या देऊन भाड्याच्या घरात गेलेले असतात आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक काका गॅलरीत कपडे वाळत घालत बसलेले असतात. इतरांनी कमी घेतले म्हणूनच काकांना जास्त मागता येते, कारण सगळेच काकांसारखे बसले असते तर इमारतच उभी राहिली नसती आणि काकांनाही काही मिळाले नसते. सोसायट्यांच्या बाबतीत सरकारने २०१९ मध्ये नियम बदलून ५१ टक्के संमती पुरेशी केली. न्यूयॉर्कच्या रोख्यांत तेव्हा शंभर टक्के लागत.

तर २००५ मध्ये अर्जेंटिनाने देऊ केले ते असे: जुने रोखे परत द्या, नवे घ्या, डॉलरमागे साधारण तीस सेंट पदरात पडतील. यापेक्षा जास्त काही मिळणार नाही. आणि हे खरे वाटावे म्हणून संसदेने चक्क कायदा केला, की जे आता येणार नाहीत त्यांच्यासाठी दार पुन्हा उघडायला सरकारला मनाई आहे. याला तिथे कुलूप कायदा म्हणतात. स्वतःच्या हाताला स्वतःच कुलूप घालून किल्ली समुद्रात फेकल्याचा हा देखावा होता. ७६ टक्के धनको घाबरून आले. २०१० मध्ये संसदेनेच कुलूप तात्पुरते उघडले, दार पुन्हा किलकिले केले आणि आणखी लोक आत आले. एकूण सुमारे ९३ टक्के.

उरले सात. हे सात टक्के सगळे एका जातीचे नव्हते. त्यांत इटलीतले पेन्शनर होते, ज्यांना त्यांच्या बँकेने हे रोखे सुरक्षित म्हणून विकले होते. आणि त्यांत एनएमएल कॅपिटल नावाची संस्था होती, पॉल सिंगर यांच्या इलियट मॅनेजमेंटची. पेन्शनरांनी रोखे शंभराच्या भावाने घेतले होते. एनएमएलने त्यांतले पुष्कळसे रोखे बुडाल्यानंतर रद्दीच्या भावात उचलले होते. कायद्याला या दोघांत फरक दिसत नाही. कागदावर शंभर लिहिले आहे, तर मागणी शंभरावरच होते, वर थकलेले व्याज. धंद्याची सगळी गंमत याच आंधळेपणात आहे.

पण दावा जिंकणे वेगळे आणि पैसे हाती येणे वेगळे. न्यूयॉर्कच्या न्यायालयात एनएमएलने अर्जेंटिनाविरुद्ध निकाल मिळवले, हुकूमनामे मिळवले. त्यांचे करायचे काय? अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याप्रमाणे परक्या देशाच्या फक्त व्यापारी मालमत्तेवर टाच आणता येते. दूतावास नाही, सैन्याची मालमत्ता नाही. आणि जो देश कर्ज बुडवतो तो आपली व्यापारी मालमत्ता न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मांडून ठेवत नाही. मग बेलिफाचा खेळ सुरू झाला. अर्जेंटिनाचे काही जगात कुठे दिसते का, याचा माग काढत एनएमएलचे वकील हिंडू लागले.

ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांना घबाड मिळाले. 'लिबेर्ताद' नावाचे अर्जेंटिनाच्या नौदलाचे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज घानाच्या तेमा बंदरात पाहुणे म्हणून आले होते. एनएमएलने तिथल्या न्यायालयातून त्यावर जप्ती आणली. सोडवायचे तर दोन कोटी डॉलर भरा. बंदराच्या अधिकाऱ्यांनी जहाज दुसऱ्या धक्क्यावर हलवायचा प्रयत्न केला तेव्हा जहाजावरच्या नौसैनिकांनी बंदुका बाहेर काढल्या. रोखेबाजाराच्या इतिहासात धनकोवर बंदूक रोखण्याचे प्रसंग वसाहतीच्या काळानंतर फार घडलेले नाहीत, आणि तेव्हाही बंदूक सहसा धनकोच्या हातात असे. शेवटी हॅम्बर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने १५ डिसेंबरला हुकूम दिला, की हे युद्धनौकेच्या दर्जाचे जहाज आहे, त्यावर टाच आणता येत नाही, ताबडतोब सोडा. जानेवारीत जहाज घरी पोचले. त्याच जानेवारीत राष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना फर्नांडेझ दे किर्चनर परदेश दौऱ्यावर निघाल्या त्या भाड्याच्या विमानाने. सरकारी विमान एखाद्या धावपट्टीवर अडकून पडेल, अशी धास्ती होती.

वर्तमानपत्रांनी जहाजाचे फोटो छापले. पण खरा घाव जहाजावर नव्हताच. तो न्यूयॉर्कमध्ये, थॉमस ग्रिसा नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या न्यायाधीशांच्या दालनात, एका कलमावर पडत होता.

कलमाचे नाव 'पारी पासू'. जगातल्या बहुतेक सरकारी रोख्यांत ते असते. त्याचा आशय असा, की हा रोखा आणि सरकारची इतर बिनतारण परदेशी कर्जे यांचा दर्जा सारखा राहील. वर्षानुवर्षे ते एका करारातून दुसऱ्या करारात उतरवले जात होते आणि देशाच्या बाबतीत त्याचा नेमका अर्थ काय, हे वकिलांनाही धड सांगता येत नव्हते. इलियटने मात्र २००० सालीच पेरूविरुद्ध ब्रसेल्सच्या न्यायालयात याच कलमाने काम साधले होते. पेरूने मुकाट्याने पैसे मोजले होते. वकिली पुस्तकांत हा निकाल चुकीचा, विचित्र, अपवादात्मक वगैरे म्हणून नोंदला गेला. अपवादात्मक म्हणून नोंदवले की विद्वानांना झोप लागते. इलियट जागी होती.

अर्जेंटिनाच्या रोख्यातल्या कलमात दोन वाक्ये होती. पहिल्याने रोख्यांना दर्जा सारखा दिला होता. दुसऱ्याने पैसे देण्याच्या जबाबदाऱ्यांचाही दर्जा सारखा राहील असे म्हटले होते. हे दुसरे वाक्य ग्रिसांनी उचलले. वर अर्जेंटिनाने कुलूप कायदा करून स्वतःच जाहीर केले होते, की या सात टक्क्यांना कधीच काही मिळणार नाही. दर्जा खाली ढकलल्याचा याहून चांगला पुरावा विरोधी वकिलाला सापडला नसता, आणि तो संसदेने मतदान करून तयार करून दिला होता. धमकी म्हणून केलेला कायदा शेवटी फिर्यादीचे परिशिष्ट झाला.

आता हुकमाचे गणित पाहा, कारण सगळी मेख त्यात आहे. ग्रिसांनी २०१२ मध्ये सांगितले: बदललेल्या रोख्यांच्या धारकांना हप्त्याचे जेवढे टक्के द्याल, तेवढेच टक्के एनएमएल आणि तिच्या सोबत्यांनाही त्यांच्या येण्यातले द्या. ऐकायला न्याय्य वाटते. पण ९३ टक्क्यांचे येणे म्हणजे सहा महिन्यांचे व्याज. एनएमएलचे रोखे बुडालेले, त्यामुळे त्यांचे मुद्दल आणि सगळे थकलेले व्याज आजच देय झालेले. म्हणजे एका बाजूला व्याजाचा हप्ता शंभर टक्के चुकता केला, की दुसऱ्या बाजूला सगळी थकबाकी शंभर टक्के चुकती करायची. रक्कम १.३३ अब्ज डॉलर, एकरकमी. टक्के सारखे, रकमा मात्र भलत्याच वेगळ्या.

आणि हुकूम नुसता अर्जेंटिनाला दिला असता तर तिने तोही बासनात ठेवला असता. ग्रिसांनी तो पैसे वाहून नेणाऱ्यांनाही बांधील केला. अर्जेंटिनाचा हप्ता रोखेधारकांपर्यंत पोचवायचे काम बँक ऑफ न्यूयॉर्क मेलनकडे होते. एनएमएलला न देता हा पैसा पुढे सरकवाल तर तुम्ही न्यायालयाचा अवमान कराल, असे तिला बजावले गेले. सार्वभौम देशाला न्यायाधीश हात लावू शकत नाही, पण त्याच्या टपालवाल्याला लावू शकतो. वरच्या न्यायालयाने हुकूम कायम केला. १६ जून २०१४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्जेंटिनाचे अपील ऐकायलाच नकार दिला.

दहाच दिवसांनी अर्जेंटिनाने मेलनच्या खात्यात ५३ कोटी ९० लाख डॉलर भरले. हप्ता देय तीस जूनला होता. पैसे वेळेवर, पूर्ण. ते तिथेच पडून राहिले. मेलन पुढे पाठवेना, कारण न्यायाधीश. परत देईना, कारण करार. तीस दिवसांची मुदत सरली आणि ३० जुलैला पतमापन संस्थांनी अर्जेंटिना पुन्हा थकल्याचे जाहीर केले. अर्थमंत्री ॲक्सेल किसिलोफ सांगत राहिले, की आम्ही पैसे भरले आहेत, आम्ही थकलो नाही. ते खरे बोलत होते. रोखेधारकांना पैसे मिळाले नव्हते हेही खरे होते. ज्यांनी २००५ मध्ये समजूतदारपणा दाखवून तीस सेंट घेतले होते, त्यांचे पैसे अडवून ज्यांनी दाखवला नाही त्यांची सोय करण्याचा हा प्रकार. समजूतदार माणसाला ओलीस ठेवण्याइतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

मग १.३३ अब्ज देऊन टाकायचे ना, असे कोणी विचारील. तर तिथे आणखी एक कलम आडवे पडलेले होते. २००५ चे रोखे विकताना लोकांना भरवसा म्हणून लिहून दिले होते, की २०१४ संपेपर्यंत सरकारने मागे राहिलेल्यांना स्वेच्छेने जास्त काही देऊ केले तर ते तुम्हालाही मिळेल. म्हणजे एनएमएलशी तडजोड केली की ९३ टक्के रांग लावून परत येणार. न दिले तर न्यायाधीश, दिले तर रांग. दोन्ही खड्डे अर्जेंटिनाने स्वतः, वेगवेगळ्या वर्षी, तेव्हा शहाणपणाची वाटलेली कारणे देऊन खणले होते.

शेवट अगदी गद्य झाला. डिसेंबर २०१५ मध्ये मॉरिसिओ माक्री सत्तेवर आले, त्यांना परदेशी बाजारात पुन्हा कर्ज काढायचे होते. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी चार मोठ्या अडेलतट्टू धनकोंशी ४.६५ अब्ज डॉलरवर तडजोड झाली. त्यांनी केलेल्या मागणीच्या सुमारे तीन चतुर्थांश. कुलूप कायदा संसदेने रद्द केला. या वेळी टाळ्या किती पडल्या ठाऊक नाही. पैसे देण्यासाठी माक्रींनी एप्रिलमध्ये १६.५ अब्ज डॉलरचे नवे रोखे विकले, म्हणजे जुने कर्ज फेडायला नवे कर्ज. कोलंबिया विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ मार्टिन गुझमान यांनी हिशेब मांडला, की एनएमएलने सुमारे १७ कोटी ७० लाख डॉलरला घेतलेल्या रोख्यांवर तिला २.२८ अब्ज मिळाले. नफा ११८० टक्के. गुझमान हे नाव ध्यानात ठेवा.

यावर बाजाराने जो उपाय काढला त्याला सामूहिक कृती कलम म्हणतात. तो नवा नाही. लंडनमध्ये फ्रान्सिस पामर नावाच्या वकिलाने १८७९ मध्येच कंपन्यांच्या रोख्यांत बहुमताचे कलम घातले होते. न्यूयॉर्कला ते सरकारी रोख्यांत रुजायला मेक्सिकोचा २००३ चा रोखा यावा लागला. सार सोपे आहे: रोख्याच्या मालिकेतल्या ७५ टक्के धारकांनी, अर्थात रकमेने मोजलेल्या, बदल मान्य केला की तो उरलेल्या २५ टक्क्यांवरही बंधनकारक. काकांचा प्रश्न सुटला.

सुटला? काका आता वेगळा हिशेब करू लागले. मतमोजणी मालिकेमालिकेने होते ना? मग छोटी मालिका शोधायची. समजा मालिका एक अब्ज डॉलरची आहे आणि संकटात तिचा भाव डॉलरला चाळीस सेंटवर आला आहे. पंचवीस टक्क्यांहून थोडे अधिक, म्हणजे पंचवीस कोटींचे दर्शनी रोखे घ्यायला फक्त दहा कोटी डॉलर लागतात. तेवढ्यात नकाराधिकार विकत मिळतो. २०१२ मध्ये ग्रीसने आपल्या स्वतःच्या कायद्याखालच्या रोख्यांसाठी संसदेत कायदा करून मागाहून बहुमताचे कलम घातले आणि सगळ्या मालिकांची एकत्र मोजणी केली. तिथे सगळे गपगुमान आले. पण परदेशी कायद्याखालच्या छत्तीस मालिका होत्या, त्यांना ग्रीसची संसद हात लावू शकत नव्हती, आणि मतदान वेगवेगळे होते. जवळपास निम्म्या मालिकांत अडवणूक यशस्वी झाली. सुमारे ६.४ अब्ज युरोचे रोखे बाहेर राहिले. पहिली मुदत १५ मे २०१२ ला आली आणि ग्रीसने ४३ कोटी ५० लाख युरो पूर्णच्या पूर्ण फेडले. ज्या देशातल्या पेन्शनी त्याच वर्षी कापल्या जात होत्या, त्या देशाने.

म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये, अर्जेंटिनाचे पैसे मेलनकडे अडकलेले असतानाच, रोखेबाजाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नवा मसुदा काढला. त्याने दोन कामे केली. पारी पासूच्या कलमात लिहिले, की दर्जा सारखा म्हणजे एकाच वेळी, समप्रमाणात पैसे द्यायची सक्ती नव्हे. हे वाक्य आधी लिहायला शाई लागली असती फक्त. आणि दुसरे, सगळ्या मालिका एका टोपलीत टाकून एकच मोजणी करता येईल असे कलम दिले: एकूण रकमेच्या ७५ टक्के मिळाले की सगळ्यांवर बंधन, कुठल्या मालिकेत काय झाले ते विचारायचे नाही. अट एवढीच, की सगळ्यांपुढे तोच प्रस्ताव हवा, एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक असे चालणार नाही. ज्यांना असा भेद करायचाच आहे त्यांच्यासाठी दोन पायऱ्यांची मोजणी: एकूण दोन तृतीयांश, शिवाय प्रत्येक मालिकेत निम्म्याहून अधिक.

आता गणित बदलले. टोपली साठ-पासष्ट अब्जांची असेल तर पंचवीस टक्के म्हणजे सोळा अब्जांचे दर्शनी रोखे. एवढे घ्यायला गिधाडाच्या खिशातही पैसे नसतात. असले तरी मग ते गिधाड उरत नाही, बाजारातला सर्वांत मोठा धनको होते, आणि त्याला वाटाघाटींच्या टेबलावर खुर्ची द्यावीच लागते.

या कलमाची परीक्षा घेण्याचा मान पुन्हा अर्जेंटिनालाच मिळाला. माक्रींनी २०१७ मध्ये शंभर वर्षांचा रोखा विकला होता. शंभर वर्षांचा! तो मोडायला तीन वर्षे लागली. मे २०२० मध्ये अर्जेंटिना नवव्यांदा थकली. तेव्हाचे अर्थमंत्री कोण? मार्टिन गुझमान. परदेशी कायद्याखालचे सुमारे ६५ अब्ज डॉलरचे रोखे बदलायचे होते आणि तेही दोन पिढ्यांचे. २००५ च्या रोख्यांत एकत्र मोजणीसाठी एकूण ८५ टक्के आणि प्रत्येक मालिकेत दोन तृतीयांश अशी कडक अट. २०१६ नंतरच्यांत नवी, सैल अट. आश्चर्य म्हणजे धनको किर्चनर काळातल्या रोख्यांवर खूश होते आणि माक्रींनी दिलेल्या बाजारस्नेही रोख्यांवर नाराज. कलम बघितले की राजकारण उलटे दिसते.

आणि इथे शिकलेला माणूस सत्तेत आल्यावर काय करतो ते पाहा. अर्जेंटिनाने प्रस्तावात एक चलाखी ठेवली. सगळ्या मालिका एकाच टोपलीत टाकून मते घ्यायची. मोजून झाल्यावर ज्या मालिका नकार देतात त्या टोपलीतून काढून टाकायच्या आणि राहिलेल्यांत बहुमत झाले म्हणून जाहीर करायचे. मतमोजणी झाल्यावर मतदारसंघाची हद्द ठरवायची! काढलेल्यांकडे नंतर पुन्हा जायचे, आता आधी होकार दिलेल्यांची मते त्यांच्या टोपलीत ओतून त्यांना बुडवायचे. बाजारात या दुसऱ्या चालीला पॅकमॅन नाव पडले, समोर येईल ते एकेक करून गिळत जाणाऱ्या त्या जुन्या व्हिडिओ गेमवरून. अडून बसणाऱ्यांना आवरण्यासाठी तयार केलेले कलम आता अडून न बसणाऱ्या अल्पमतालाही चिरडू शकते, हे तेव्हा सगळ्यांना दिसले. ब्लॅकरॉकसारख्या फंडांनी थयथयाट केला, आणि या एका बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर होते. ऑगस्टमध्ये तडजोड झाली, डॉलरमागे सुमारे ५५ सेंटवर, आणि या चलाखीवर करारात मर्यादा आल्या. ९३.५५ टक्क्यांनी होकार दिला आणि कलमाने तो ओढून ९९ टक्क्यांवर नेला.

९३! तोच आकडा. २०१० मध्ये त्र्याण्णव टक्क्यांवर गाडी थांबली तेव्हा सहा वर्षे खटला, जप्त जहाज आणि दुसरी थकबाकी मिळाली. २०२० मध्ये त्र्याण्णव टक्क्यांवरून गाडी आपोआप पुढे गेली. लोक तेवढेच समजूतदार, तेवढेच लोभी. मधे फक्त एक परिच्छेद बदलला होता.

तर आता सगळे ठीक झाले, असे नाणेनिधीच्या अहवालाच्या सुरात म्हणायला हरकत नसावी? हरकत आहे. कलम नव्या रोख्यांत जाते. जुने रोखे जुन्याच कलमासह बाजारात फिरत राहतात, त्यांची मुदत संपेपर्यंत. श्रीलंका एप्रिल २०२२ मध्ये थकली. तिचा एक अब्ज डॉलरचा रोखा त्याच जुलैत परत करायचा होता, ५.८७५ टक्के व्याजाचा, २०१२ मध्ये काढलेला, म्हणून जुन्या, मालिकेपुरत्या मोजणीचा. सेंट किट्स अँड नेव्हिस या कॅरिबियन बेटांवरच्या हॅमिल्टन रिझर्व्ह बँकेने त्यातले पंचवीस कोटी डॉलरहून अधिक रकमेचे रोखे गोळा केले. आकडा ओळखीचा वाटला ना? जून २०२२ मध्ये तिने न्यूयॉर्कमध्ये दावा ठोकला. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीलंकेने बाकीच्या मालिका बदलून घेतल्या, बहुतेक सगळे धनको आले. ही एक मालिका बाहेर राहिली. तिथे पंच्याहत्तर टक्के होऊच शकत नव्हते.

आणि कलम फक्त रोख्यांना लागू होते. चीनच्या सरकारी बँकांनी दिलेल्या कर्जाच्या करारांत ते नसते, व्यापारी बँकांच्या कर्जात क्वचित असते, एखाद्या खाणीच्या उत्पन्नावर घेतलेल्या उचलीत तर नसतेच. आज अनेक गरीब देशांच्या कर्जात रोख्यांचा वाटा निम्म्याहूनही कमी आहे. तिथे काका गॅलरीत तसेच आहेत, फक्त आता काहींच्या दारावर परराष्ट्र खात्याची पाटी आहे.

भारत सरकारने आजवर परदेशी बाजारात परकी चलनातले सरकारी रोखे विकलेले नाहीत. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी ते विकण्याची घोषणा केली होती. बरीच आरडाओरड झाली, मग विषय मागे पडला. तो पुन्हा येईल, असे विषय मरत नसतात. तेव्हा दूरचित्रवाणीवर सगळे व्याजदरावर बोलतील आणि देशाची पत केवढी उंचावली यावर चर्चा झडेल. तुम्ही व्याजदर नंतर विचारा. आधी विचारा, की रोखा कुठल्या कायद्याखाली आहे, मोजणी मालिकेची आहे की टोपलीची, आणि एका मालिकेतले पंचवीस टक्के विकत घ्यायला किती पैसे लागतील.